मदत हवी आहे: महिन्याच्या पोस्ट एकाच दुपारी कशा उरकायच्या?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात आमचं घरगुती फराळाचं छोटं दुकान आहे. मी, जाऊबाई आणि एक मदतनीस ताई, एवढाच कारभार. इन्स्टाग्राम नि फेसबुकसाठी वेळ मिळतो तो फक्त सोमवारी दुपारी, दुकान बंद असतं तेव्हा.

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या सकाळी उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला. छान वाफाळता, केशराची काडी वगैरे. चौदा जणांनी विचारलं, "आज मिळतील का?" चौदाही जणांना नाही म्हटलं, कारण ऑर्डर तीन दिवस आधीच बंद केली होती! तेव्हा कळलं, कॅलेंडर सणाच्या तारखेवरून नाही, ऑर्डर बंद होण्याच्या तारखेवरून मागे मोजत आखायचं.

आता दिवाळीसाठी असं ठरवलंय: ऑर्डर आठ दिवस आधी बंद. त्याच्या तीन आठवडे आधी दरपत्रक, दोन आठवडे आधी चकली पाडतानाचा व्हिडिओ, शेवटचे दोन दिवस फक्त "ऑर्डर बंद होतेय" एवढंच. पोस्ट Meta Business Suite मधून आधीच लावून ठेवणार.

अडतंय ते इथे: फोटो काढायचे तेव्हा फराळ झालेलाच नसतो. मुद्दाम अर्धा किलोचा घाणा काढावा, की गेल्या वर्षीचे फोटो चालतील? आणि सण नसलेल्या महिन्यात आठवड्याला दोनच पोस्ट पुरतात का? कोणी असं निभावत असेल तर तुमचं वेळापत्रक सांगा ना.