बाप्पाच्या तोंडी ऑफर नको

> "मिठाईच्या दुकानाची गणपतीची जाहिरात करतोय. 'बाप्पा म्हणतात, एकावर एक फ्री!' असं चालेल का?"

नको. बाप्पाला बोलायला लावलं की तो तुमचा सेल्समन होतो, खटकतं ते तिथेच. बोलायचं ते दुकानदाराने.

मागे रविवार कारंजावरच्या एका ओळखीच्या दुकानाचा मजकूर बदलून दिला होता. आधी होतं, 'बाप्पाचा फेव्हरेट मोदक, आत्ताच चाखा!' नैवेद्याआधी चाखा? आजीने ऐकलं असतं तर... आम्ही लिहिलं: 'नैवेद्यासाठी २१ उकडीचे मोदक. आदल्या रात्री ८ पर्यंत नोंदवा, चतुर्थीला सकाळी ७ पासून न्या.' लोकांना हवी असते ती माहिती एवढीच. सवलत द्यायचीच तर खाली लहान अक्षरांत, आणि ती पेढ्यांवर किंवा फराळावर. नैवेद्याच्या ओळीला चिकटवू नका.

दुसरं म्हणजे खोका. त्यावर मूर्तीचा फोटो छापलात तर दुसऱ्या दिवशी तोच तेलकट खोका घंटागाडीत जातो, आणि टाकणाऱ्याचा हात अडखळतो. जास्वंद किंवा दूर्वांची जुडी छापा, सण तेवढ्यानेही कळतो.

अनंत चतुर्दशीला 'पुढच्या वर्षी लवकर या'वर कोटी करून सेल लावू नका. त्या दिवशी घरात मखर रिकामं असतं.