विषय: शनिवारी ऋचाकडे जाण्याबाबत – “थोडाच वेळ” म्हणजे नेमका किती?

प्राची, गुरुवार, सकाळी ८:४०

सप्रेम नमस्कार,

शनिवारी ऋचाकडे बाळाला बघायला जायचे ठरले आहे आणि आतापर्यंत सहा जणांनी नावे दिली आहेत. त्या दिवशी बाळ नऊ दिवसांचे होईल. काल रात्री तिच्या नवऱ्याचा निरोप आला, “या, पण थोडाच वेळ.” या “थोडाच”चा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावेल अशी मला भीती वाटते. मागच्या वेळी आपण सव्वादोन तास बसलो होतो आणि आपण निघालो तेव्हा बाळंतीण आतल्या खोलीतून बाहेरसुद्धा आली नव्हती, हे सर्वांना आठवत असेलच. चार वाजता पोहोचून किती वाजता उठावे, एवढेच मला सांगावे. मला स्वतःला वीस मिनिटे पुरेशी वाटतात.

– प्राची

वसंत, गुरुवार, सकाळी ९:१५

प्रसूती कक्षात एका वेळी दोघांपेक्षा अधिक माणसांना बहुधा आत सोडत नाहीत आणि भेटीची वेळही ठरलेली असते. त्यामुळे सहा जणांनी एकदम जाऊन दारात ताटकळण्यापेक्षा तेथे आधी दूरध्वनी करावा.

प्राची, गुरुवार, सकाळी ९:२०

वसंतराव, ऋचा रविवारीच घरी आली. भेट घरी आहे.

शुभांगी, गुरुवार, दुपारी १:०५

नमस्कार,

प्रसूती विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते आहे. किती वाजता उठायचे याआधी, चार ही वेळ आपण परस्पर ठरवली आहे, तिथेच गडबड आहे. या वयाचे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, म्हणजे साधारण दोन-तीन तासांनी एकदा. ऐकायला हे अंतर भरपूर वाटते. पण ते एकदा पाजायला घेतल्यापासून पुन्हा पाजायला घेईपर्यंतचे असते. समजा, ऋचाने सव्वातीनला बाळाला घेतले. दोन्ही बाजूंना पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून बाळ शांत होईपर्यंत चार वाजतात आणि पुढची भूक पाच-सव्वापाचला लागते. मध्ये उरतो तो जेमतेम तास-सव्वा तास. त्यातच तिला जेवायचे असते, अंघोळ करायची असते आणि रात्रीची राहिलेली झोप घ्यायची असते. त्या तासातली वीस मिनिटे आपण मागतो आहोत. म्हणून तिच्या नवऱ्याला इतकेच कळवावे की, “दुपारचे पाजून झाले की निरोप द्या, आम्ही अर्ध्या तासात येतो.” तो निरोप साडेतीनला येईल किंवा पाचला येईल, किंवा “आज नको” असाही येईल.

उठायचे केव्हा, हे घड्याळापेक्षा बाळाकडे पाहून अधिक नेमके कळते. झोपलेले बाळ चुळबुळ करू लागते, ओठ चाटते, ज्याच्या कडेवर असेल त्याच्या खांद्याकडे तोंड वळवून “आ” करते आणि मूठ तोंडात घालू पाहते. ही भुकेची पहिली खूण असते. रडणे हे त्यानंतरचे, उशिराचे लक्षण आहे आणि आक्रोश करणाऱ्या बाळाला छातीला लावणे नव्या आईला फार अवघड जाते. पाहुण्यांसमोर पाजायचा संकोच वाटला की ती “थांब हं, थांब” म्हणत बाळाला थोपटत राहते आणि आपण मात्र बाळ किती गोड चुळबुळ करते आहे ते कौतुकाने पाहत बसतो. तुम्ही आता निघा, असे ती कधीच म्हणणार नाही. ते आपणच ओळखायचे असते.

बोलायचे काय, हे प्राचीने विचारलेले नाही, तरी लिहिते. आत गेल्यावर पाळण्याकडे धावण्याआधी ऋचाला भेटावे, “कशी आहेस?” असे विचारावे आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकावे. वजन किती, दूध पुरते का आणि टाके पडले का, हे तीन प्रश्न घरीच ठेवून यावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा थोडे उतरते आणि बहुतेकांचे दहा ते चौदा दिवसांत भरून येते. नवव्या दिवशी आपण सहज “बारीकच आहे, नाही?” असे म्हणून जातो, त्या घरात मात्र तो आकडा दिवसातून चारदा बोलला जात असतो.

– शुभांगी

माधवकाका, गुरुवार, सायंकाळी ६:३०

सर्वांस सस्नेह नमस्कार,

मंडळाच्या भेटींचे नियोजन गेली अकरा वर्षे मी पाहत आलो आहे, त्यामुळे यादी परस्पर ठरण्याआधी मला विचारले असते तर बरे झाले असते, एवढे नोंदवून मुद्द्याकडे वळतो. पादत्राणे काढणे, हात धुणे आणि नमस्कार-चमत्कार यांतच दहा मिनिटे जातात. उरलेल्या दहा मिनिटांत माणूस भेटल्यासारखे होते काय? ऋचाचे आईवडील इतक्या लांबून आले आहेत. त्यांना येथे बोलायला कोणी नाही आणि आपण पाहुणे म्हणून जाऊन त्यांच्याकडे पाठ फिरवून निघायचे, हे मला पटत नाही. शिवाय बाळाला घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजावे असे आमच्या वेळी सांगत असत. तसे केले तर पाहुण्यांना निश्चिंतपणे तास-दीड तास बसता येते.

– माधव

निखिल, गुरुवार, रात्री ९:५०

माधवकाकांचा राग मी समजू शकतो, पण मला आमचा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. आमची मुलगी अठरा दिवसांची असताना एक स्नेही “नुसती शिंक आहे” असे म्हणून आले, तिला मांडीवर घेऊन अर्धा तास बसले आणि आम्ही संकोचाने काहीच बोललो नाही. चौथ्या दिवशी तिला ३८.३ अंश ताप आला. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंशांवर ताप म्हणजे वाट न पाहता रुग्णालय, हे आम्हाला त्या रात्री कळले. ताप कशाचा आहे ते नुसते पाहून सांगता येत नसल्यामुळे तिचे रक्त घेतले, लघवी घेतली, मणक्यातले पाणी काढले आणि निकाल येईपर्यंत दोन दिवस शिरेतून प्रतिजैविके दिली. शेवटी साधी सर्दीच निघाली. तो स्नेही आजही आमचा स्नेही आहे आणि त्याला यातले काहीही ठाऊक नाही.

मंदार, गुरुवार, रात्री १०:१०

निखिलने हे माझ्याकडे पाहून लिहिले असेल तर सांगतो की, मला कालपासून सर्दी आहे हे खरे. पण ताप नाही. मी मुखपट्टी लावीन, हाताला जंतुनाशक लावीन आणि दाराजवळच्या खुर्चीत बसेन. मग तर हरकत नसावी.

शुभांगी, शुक्रवार, सकाळी ७:२५

मंदार, हरकत आहे. सर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वांत जास्त पसरते आणि मोठ्या माणसाला ताप नसला म्हणजे ती सर्दी बाळालाही हलकीच जाईल, असे नसते. मुखपट्टीने धोका कमी होतो, संपत नाही. आणि तुझी ही भेट अशी नाही की पुढच्या आठवड्यात झाली तर बिघडेल. ओठावर ज्वराचा फोड आलेल्यांनीही या वेळी जाऊ नये, कारण तो संसर्ग नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. फोड नसलेल्यांनीही बाळाचा पापा घेऊ नये, गालाचा नाही आणि हाताचाही नाही, कारण ती मूठ थेट तोंडात जाते. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत आणि बाळाला घ्यायचे झाले तर “दे इकडे” असे न म्हणता ऋचाने दिले तरच घ्यावे.

माधवकाका, घड्याळ लावून पाजण्याची पद्धत आता मागे पडली आहे. बाळ मागेल तेव्हा पाजावे असे सांगतात. काही बाळे संध्याकाळी तर लागोपाठ दोन-तीन तास थोडे-थोडे पीत राहतात, म्हणून पाचनंतरची भेट सर्वांत गैरसोयीची ठरते. मात्र आजी-आजोबांविषयी तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि ते मी लिहायला विसरले होते. त्यांना गप्पा हव्या असतात आणि लेकीला शांतता हवी असते. या दोन भेटी वेगवेगळ्या आहेत. त्या एकाच खोलीत उरकायला गेलो की सव्वादोन तास होतात.

माधवकाका, शुक्रवार, सकाळी ११:००

दोन वेगवेगळ्या भेटी, ही कल्पना विचार करण्याजोगी आहे. मात्र पहिल्या तुकडीत कोण आणि दुसऱ्या तुकडीत कोण, हे मी ठरवून कळवीन. सर्वांनी परस्पर ऋचाला निरोप पाठवू नयेत.

नंदिनी, शुक्रवार, सकाळी ११:४०

तिच्या मोठ्या मुलीचा विषय कोणीच काढलेला नाही. ती चार वर्षांची आहे आणि आठवडाभर येणारा प्रत्येक माणूस तिला ओलांडून पाळण्याकडे जातो आहे. आपल्यापैकी एकाने तिच्याशी जमिनीवर बसून खेळावे. मात्र “तुझ्यापेक्षा बाळच गोड आहे” हा विनोद कृपया कोणी करू नये.

वसंत, शुक्रवार, दुपारी १२:०५

नंदिनीताईंच्या म्हणण्याला अनुमोदन. आमच्या धाकट्याच्या वेळी याच विनोदावरून थोरला दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता.

प्राची, शनिवार, रात्री ९:१५

आज माधवकाका, नंदिनी आणि मी असे तिघेच गेलो. निरोप तीन चाळीसला आला आणि चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही दारात होतो. ऋचा उशीला टेकून बसली होती. मी “कशी आहेस?” असे विचारले तेव्हा ती “बरी आहे” म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी घाबरून “अगं, आनंदाच्या वेळी रडतेस काय?” असे म्हणणार होते, पण शुभांगीताईंनी दूरध्वनीवर आधीच बजावले होते की, पहिल्या दोन आठवड्यांत असे रडू येते, समजूत घालत बसू नये, मात्र ते दोन आठवड्यांपलीकडे टिकले किंवा वाढले तर डॉक्टरांना सांगायलाच हवे. म्हणून मी नुसती शेजारी बसले. थोड्या वेळाने तीच हसली आणि बाळ झोपेत कसे घोरते ते सांगू लागली.

चार चोवीसला बाळाने मान वळवली, ऋचाच्या पदराशी तोंड घासले आणि मूठ ओठांवर नेली. मी उठले. माधवकाका त्या वेळी आजोबांना मंडळाच्या स्थापनेची हकिकत सांगत होते आणि ती अर्ध्यावर आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी बाळाकडे पाहिले आणि तेही उठले. दारात मात्र उरलेली हकिकत आठ मिनिटे चालली, तेव्हा आतून रडणे ऐकू येत होते. निरोप घेणे उंबऱ्याच्या आतच संपवायला हवे, हे शुभांगीताईंच्या पत्रात नव्हते.

माधवकाका, रविवार, सकाळी ८:००

आठ नव्हे, पाच मिनिटे. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी ऋचाच्या वडिलांना फिरायला नेणार आहे, घरात पाऊल न ठेवता. उरलेली हकिकत तेव्हा होईल. दुसऱ्या तुकडीत निखिल आणि वसंतराव जातील, वार ऋचाकडून कळल्यावर. मंदारचे नाव तूर्त कंसात ठेवले आहे.