मदत हवी आहे: रात्रपाळीत एकटा ऑपरेटर, फोन आला नाही तर नेमकं काय करायचं?

जलपाळी
सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर रात्री एकच ऑपरेटर असतो. दर दोन तासांनी त्याने कंट्रोल रूमला फोन करायचा, एवढाच नियम आहे. फोन आला नाही तर पुढे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. याच आठवड्यात लेखी योजना द्यायची आहे. कोणतं उपकरण घ्यावं ते सांगा. उपदेश नको.

फेरफटका
माणूस पडला की आपोआप फोन लावणारं घड्याळ घ्या. विषय संपला.

मीटरवाला
नाही संपला. ती घड्याळं आपटल्याचा धक्का ओळखतात. भोवळ येऊन माणूस भिंतीला टेकून हळूच खाली बसला तर बहुतेकदा गप्प राहतात.
जलपाळी, आधी हे सांगा: मदत पोहोचायला किती वेळ लागतो, तळघरात रेंज आहे का, आणि रात्री तो कोणकोणती कामं करतो?

जलपाळी
सर्वांत जवळचं स्टेशन 25 मिनिटांवर. वर रेंज आहे, पंपांच्या तळघरात नाही. कामं नेहमीचीच: रीडिंग, पंप बदलणं, जाळी तुंबली तर साफ करणं.

रातराणी
आमच्याकडे रात्री उशिरा सुटणाऱ्यांना घरी सोडतात, गाडीत जीपीएस असतो. तसं करता येईल का?

नटबोल्ट
रातराणी, तो प्रवासाचा प्रश्न झाला. तळघरात जीपीएस चालतच नाही.
जलपाळी, जाळी साफ करायला तो विहिरीत उतरतो का?

जलपाळी
कधीकधी. दहा मिनिटांचं काम असतं.

नटबोल्ट
मग ते काम रात्रीच्या यादीतून आजच काढा. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो. प्रमाण जास्त असेल तर आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणून "आता वास येत नाही" ही खूण उलटी आहे. माणूस मिनिटाभरात कोसळू शकतो, मग फोन दर पाच मिनिटांनी ठेवला तरी उपयोग काय? वर थांबलेला दुसरा माणूस, गॅस मीटर आणि वर खेचायची दोरी नसेल तर उतरायचं नाही. जाळी तुंबली तर पंप बंद, कंट्रोलला कळवायचं आणि जोडीदाराची वाट पाहायची.

मीटरवाला
पूर्ण सहमत. आता उरलेल्या कामांचा हिशेब. फोन ठेवल्याच्या पुढच्याच मिनिटाला तो पडला असं धरा. दोन तासांचं अंतर, 15 मिनिटं वाट पाहिली, 10 मिनिटं फोनाफोनी, 25 मिनिटं रस्ता: 170 मिनिटं तो तसाच पडून. अंतर 30 मिनिटं, सवलत 5, फोनाफोनी 5, रस्ता तोच 25, तर 65 मिनिटं. आधी "किती वेळ पडून राहिलेला चालेल" हे ठरवा आणि उलटं मोजत या.

फेरफटका
दर अर्ध्या तासाला कोण फोन करणार? माणसं झोपेत बटण दाबतील.

नटबोल्ट
हा मुद्दा खरा आहे. म्हणून नुसतं "ओके" नको, पंपाचं चालू रीडिंग सांगायचं. तरीही बसून असताना तासाभराचं अंतर पुरे. तळघरात जाताना मात्र "20 मिनिटांत वर येतो" असं सांगून वेगळा टायमर लावायचा.

मीटरवाला
टायमर कंट्रोल रूममध्ये चालला पाहिजे, त्याच्या मोबाइलवर नाही. मोबाइलची बॅटरी संपली, रेंज गेली किंवा बॅटरी वाचवण्यासाठी सिस्टीमनेच ॲप बंद केलं, तर अलार्म कधीच वाजणार नाही. शांतता झाली की अलार्म वाजला पाहिजे.
पायऱ्या अशा: वेळ टळली की 5 मिनिटं सवलत. मग मोबाइल आणि स्टेशनचा लँडलाइन, दोन्ही दोनदा. दहाव्या मिनिटाला जवळच्या स्टेशनवरून दोघं निघालेच पाहिजेत, त्याच वेळी रुग्णवाहिकेलाही फोन. साहेबांना कळवायचं, पण परवानगीची वाट पाहायची नाही. बहुतेक योजना इथेच अडकतात. तिथे गेल्यावर तो विहिरीत दिसला तर दोघांपैकी कोणीही आत उडी घ्यायची नाही, बचाव पथकाला बोलवायचं. पाळी संपल्याचा फोनही सक्तीचा, नाहीतर घरी गेलेल्याला शोधत बसाल.

जलपाळी
हालचाल थांबली की वाजणारा बिल्ला घेतला तर? तळघरासाठी.

नटबोल्ट
चालेल, पण तळघरात रिपीटर लागेल. आणि बिल्ला पट्ट्यालाच हवा. काढून पंपाच्या चौथऱ्यावर ठेवला तर कंपनांनाच तो हालचाल समजतो आणि वाजत नाही. उलट शांत बसून नोंदी लिहिणाऱ्याचा उगाच वाजतो, म्हणून आधी 30 सेकंद स्वतःला इशारा देणारा घ्या. महिन्यातून एकदा न सांगता फोन चुकवायला लावा आणि दोघं किती मिनिटांत पोहोचतात ते मोजा.

जलपाळी
आमच्या कंट्रोलला रात्री एकच जण आहे आणि तो चार स्टेशनं बघतो. तोच जागेवर नसला तर?

मीटरवाला
त्याने 2 मिनिटांत अलार्म स्वीकारला नाही तर तो आपोआप दुसऱ्या नेमलेल्या माणसाकडे गेला पाहिजे. त्याचं नाव रोजच्या पाळीपत्रकात हवं. तुमच्याकडे असा दुसरा माणूस रात्री जागा असतो का?

जलपाळी
नाही. तेच उद्या विचारतो.