नुसतं 'हेल्प' एवढाच मेसेज आला तर पहिला रिप्लाय काय टाकता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकच्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा कॉमन नंबर सध्या माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फक्त 'हेल्प' आलं, बाकी काहीच नाही. अशा मेसेजमागे कधी कुणाला पुढच्या ट्रेकची फी विचारायची असते, पण हा माणूस हरिहरच्या पायऱ्यांवर अंधारात अडकलेला पण असू शकतो ना, म्हणून 'बोला, काय मदत हवी?' असं मोघम विचारणं मला पटत नाही, रेंज कमी आणि बॅटरी संपत आलेल्या माणसाने निबंध कसा लिहायचा?

मी आधी कॉल लावला, लागला नाही. व्हॉट्सॲपवर एकच टिक, म्हणजे मेसेज पोचलाच नव्हता, मग साधा एसएमएस केला कारण डेटा नसला तरी तो जाऊ शकतो. असा:

'धोक्यात असाल तर १, नुसती माहिती हवी असेल तर २ पाठवा. १ असेल तर जागा आणि किती जण ते लिहा. कॉल लागत असेल तर आधी ११२ लावा.'

थोड्या वेळाने २ आलं, अंजनेरीला जायची बस विचारायची होती! (हसावं की रडावं.)

आता प्रश्न असा की उत्तर आलंच नसतं तर? किती वेळ थांबून ११२ ला कळवायचं, आणि जागाच माहीत नसताना त्यांना सांगायचं काय? रेस्क्यूचं काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, आणि वरच्या मेसेजमध्ये काय बदलाल तेही.