फ्रिजच्या दाराचं रबर, काळे ठिपके आणि आंबूस वास: तुमचे अनुभव लिहा

परळची मीनल
पंधरा दिवसांपासून फ्रिज उघडला की आंबलेल्या ताकासारखा वास येतोय. डबे तपासले, भाजीचा ट्रे धुतला. मग दाराचं रबर बोटाने उलगडलं, तर खालच्या घडीत मोहरीएवढे काळे ठिपके. साबणाच्या पाण्याने पुसून काढलं, पण तीन दिवसांत वास परत हजर. ज्यांचा वास मुळापासून गेला, त्यांनी काय केलं आणि कुठे फसलं, ते सविस्तर लिहा.

गिरगावच्या काकू
अगं, सोपं आहे. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून रबरावर ओतायचा, फेस येतो आणि सगळी घाण वर येते. मी दर पावसाळ्यात करते.

माहीमकर (फ्रिज दुरुस्तीत बावीस वर्षं)
काकू, दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण एकत्र केल्या की एकमेकींचा जोर मारतात. फेस दिसतो, मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. वेगवेगळ्या वेळी वापरा.

मीनलताई, ठिपके आणि वास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की थंड रबराच्या घडीत पाणी साचून राहतं, त्यावर पिठाचा कण किंवा सायीचा थेंब पडला की बुरशी धरते. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने घडी घासा. नंतर निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर यात फडकं भिजवून घडीत दहा मिनिटं दाबून ठेवा, साध्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. बहुतेक जण कोरडं करायलाच विसरतात. घडी फार ताणून उलटी करू नका, रबर चिरतं.

वास मात्र बहुधा रबराचा नाहीच. काचेचं शेल्फ बाहेर काढा. काच आणि कडेची प्लास्टिकची पट्टी यांच्यामध्ये जी खाच असते, तिच्यात सांडलेलं दूध शिरतं. वरून पुसलेलं शेल्फ चकाचक दिसतं, आत मात्र दूध आंबत राहतं.

चेंबूरवरून
आमच्या फ्रंट लोडिंग वॉशिंग मशीनच्या रबरालाही असेच काळे डाग आहेत. हेच करू का?

माहीमकर
ते रबर वेगळं, तिथे डिटर्जंट आणि केसांचा गाळ असतो. त्याचा वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

भांडुपची वहिनी
माझी चूक सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी व्हिनेगर लावलं, डाग गेला नाही म्हणून न धुताच वर ब्लीच लावलं. स्वयंपाकघर बंद, एक्झॉस्टही बंद. दोन मिनिटांत घसा जळायला लागला, डोळ्यांतून पाणी. नंतर कळलं, त्या दोघांतून क्लोरीन वायू निघतो. मुलाला बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या. आता ब्लीच घरातच ठेवत नाही.

परळची मीनल
काल रात्री शेल्फ काढलं. थंडगार काच लगेच गरम पाण्याखाली धरणार होते, सासूबाईंनी थांबवलं, नाहीतर तडकली असती. अर्धा तास ओट्यावर ठेवली. मग पुढची पट्टी सुटी केली आणि खरंच, आत पिवळट, चिकट थर होता, नखाने खरवडला तर तोच वास! महिन्याभरापूर्वी दुधाची पिशवी फुटली होती, ती आठवली. पट्टी साबणाच्या कोमट पाण्यात भिजवली, खाच बांबूच्या काडीला फडकं गुंडाळून साफ केली, मग एक लिटर पाण्यात दोन चमचे सोडा घालून पुसली. सकाळी फ्रिज उघडला, वास नाही.

रबराच्या वरच्या बाजूचे ठिपके गेले. बिजागरीकडचे चार-पाच राहिलेत, घासूनही जात नाहीत.

माहीमकर
बुरशी रबरात मुरली की ती मेल्यावरही डाग राहतो. नुसत्या डागासाठी रबर बदलू नका. दहा रुपयांची नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा. नोट अडली पाहिजे. चारही बाजूंनी पाहा.

परळची मीनल
तीन बाजूंनी अडते, बिजागरीकडे खालच्या कोपऱ्यात सहज निघते.

माहीमकर
मग तिथे बाहेरची दमट हवा आत जातेय. हेअर ड्रायर मंद गरमीवर, वीतभर अंतरावरून फिरवा, रबर मऊ झालं की दार बंद करून रात्रभर राहू द्या. कधीकधी आकार परत येतो. रबर चिरलेलं असेल तर नाही येणार.

गिरगावच्या काकू
माझं तर फेसानेच निघतं बाई. पण नोटेचं मी आजच करून बघते.

परळची मीनल
ड्रायर आज रात्री. कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसतेय, पण ती खोल आहे की वरवरची, ते मला ओळखता येत नाहीये.