मदत हवी आहे: बाळाच्या वजनाच्या आलेखातली ‘रेघ आडवी झाली’ म्हणजे नक्की काय सांगू?

पाटीपेन्सिल:
मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे नात्यात कुणाच्याही हाती आलेख पडला की त्याचा फोटो माझ्याकडे येतो. परवा मामेबहिणीने तिच्या मुलीच्या वजनाचा आलेख पाठवला. मुलगी 9 महिन्यांची आहे. फाइलमधल्या कागदाची काळीपांढरी झेरॉक्स, तिचा मोबाइलवर काढलेला फोटो. वरचं शीर्षक आणि उजवी कड फोटोत आलेलीच नाही. पाच छापील वळणदार रेघा आणि पेनाने जोडलेले चार ठिपके: जन्मताना 2.7 किलो, 3 महिन्यांना 5.2, 6 ला 6.5, 9 ला 7.2.

सोबत मेसेज: “दादा, सहा महिन्यांनंतर रेघ कशी आडवी झाली बघ ना. वरचं सुरू केल्यापासूनच ना?” तासाभरात तिच्या सासूबाईंनी तोच फोटो पाठवला: “अंगावरचं दूध पुरत नाही हे यात स्पष्ट दिसतंय. तुम्हीच तिला समजावून सांगा.”

फोटो एक, निष्कर्ष दोन, आणि दोघींना माझा होकार हवाय. आहाराचा सल्ला मला नको, पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे जाणारच आहेत. हा आलेख जेवढं दाखवतो तेवढंच सांगायचं तर काय सांगावं? दर तीन महिन्यांची वाढ 2.5, मग 1.3, मग 0.7 किलो आहे. वेग कमी झालाय हे मला लपवायचं नाही, पण त्याला कारणही चिकटवायचं नाही.

अन्नपूर्णा_कोल्हापूर:
नाचणीसत्व घरचंच करा, बाजारचं नको. नाचणी मोड आणून सावलीत वाळवायची. आमच्या दोन्ही नाती त्यावरच वाढल्या.

पाटीपेन्सिल:
काकू, कळवतो तिला. पण माझा प्रश्न आलेख वाचण्याचा आहे.

उतारा७१२:
सोपं आहे. ठिपके छापील रेघेला समांतर चाललेत ना? मग सगळं उत्तम, बाकी काही बघायचं नाही. सांगून टाका की काळजी करू नका.

वॉर्ड_नंबर_सहा:
मी बरीच वर्षं बालरोग विभागात परिचारिका आहे. उतारा, समांतर चालणं महत्त्वाचं आहे, पण ‘बाकी काही बघायचं नाही’ हे चूक. अगदी तळच्या रेघेखाली समांतर चालणारं बाळही असतं, आणि त्याला तपासावंच लागतं. म्हणून आधी कुठल्या रेघेला समांतर हे ठरवा. शीर्षक कापलेल्या फोटोत नेमकं तेच अडतं.

जागतिक आरोग्य संघटनेचे पाच रेघांचे तक्ते दोन प्रकारचे असतात. एकात 3, 15, 50, 85, 97 असे पर्सेंटाइल असतात, म्हणजे शंभरातल्या किती बाळांचं वजन त्या रेघेखाली असतं ते. दुसऱ्यात मध्य आणि त्याच्या वर-खाली दोन आणि तीन एसडी, म्हणजे प्रमाण विचलनं. शिवाय मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. रंगीत प्रतीत मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा असतो, झेरॉक्समध्ये तो रंग जातो. पाटीपेन्सिल, ठिपके खालून दुसऱ्या रेघेजवळ आहेत का?

पाटीपेन्सिल:
हो, जवळजवळ तिच्यावरच.

वॉर्ड_नंबर_सहा:
मग इथेच खरी गोम आहे. हेच आकडे मुलींच्या पर्सेंटाइल तक्त्यावर मांडले तर ते खालून दुसऱ्या, म्हणजे 15 च्या रेघेवर बसतात. चुकून मुलांच्या एसडी तक्त्यावर मांडले, तरीही ते खालून दुसऱ्या रेघेच्या किंचित वर दिसतात. पण तिथे ती रेघ उणे दोनची, म्हणजे जिच्याखाली ‘कमी वजन’ म्हणतात ती. चित्र सारखंच, अर्थ फार वेगळा.

डावीकडचे किलोचे आकडे फोटोत असतील तर वेगळं ओळखता येईल. 9 महिन्यांवर मधली रेघ कुठे आहे ते बघा. मुलींची 8.2 ला असते, मुलांची 8.9 ला. मग त्याच वयावर सगळ्यांत खालची रेघ बघा. मुलींच्या पर्सेंटाइल तक्त्यात ती 6.6 च्या आसपास येते, एसडी तक्त्यात 5.8 ला.

पाटीपेन्सिल:
मोठं करून पट्टी लावली. मधली सव्वाआठच्या जरा खाली आहे, सगळ्यांत खालची साडेसहाच्या किंचित वर. म्हणजे मुलींचा, पर्सेंटाइलचा.

वॉर्ड_नंबर_सहा:
बरोबर. आता छापील 15 ची रेघच वाचा. 3 महिन्यांना 5.1, 6 ला 6.4, 9 ला साधारण 7.3. म्हणजे ती रेघसुद्धा आधी 1.3 आणि मग साधारण 0.9 नेच वाढते. वेग सगळ्याच बाळांचा कमी होतो, म्हणून तर छापील रेघा वळणदार आहेत. बहिणीचा डोळा मनातल्या सरळ रेषेशी तुलना करतोय. तुलना शेजारच्या छापील रेघेशी करायची.

आणि वरचं अन्न साधारण सहाव्या महिन्यात सुरू होतं, रेघही त्याच सुमाराला वळते. त्यामुळे जवळपास प्रत्येक बाळाच्या आलेखात या दोन गोष्टी एकाच ठिकाणी दिसणार. त्यावरून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही.

सातासमुद्रापार:
पण हे तक्ते परदेशी बाळांचे ना? माझा मुलगा जर्मनीत जन्मला, तिथे तो कायम खालच्या रेघेवर. भारतात आलो तर सगळे म्हणाले गुटगुटीत आहे. माझा या रेघांवर विश्वासच उरला नाही.

वॉर्ड_नंबर_सहा:
तुमच्या मुलाचा तक्ता कुठला होता ते मला माहीत नाही, देशोदेशी आपापले असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा तक्ता सहा देशांतल्या मुलांवरून केला, त्यात दिल्लीतली मुलंही होती. चांगल्या परिस्थितीत, आईच्या दुधावर वाढलेली बाळं त्यासाठी मुद्दाम निवडली होती.

पाटीपेन्सिल:
दोघींना एकच मेसेज पाठवावा म्हणतो. मसुदा:

“हा मुलींचा तक्ता आहे. चारही वेळचं वजन 15 च्या रेघेच्या आसपास आहे. म्हणजे याच वयाच्या 100 निरोगी मुलींत साधारण 15 जणींचं वजन हिच्यापेक्षा कमी, बाकीच्यांचं जास्त. सहा महिन्यांनंतर वाढीचा वेग कमी झालाय, पण छापील रेघेचाही जवळपास तेवढाच कमी होतो. दूध पुरतं की नाही, वरचं मानवतं की नाही, हे या कागदावर लिहिलेलं नाही. तेव्हा काळजीचं कारण नाही.”

वॉर्ड_नंबर_सहा:
शेवटचं वाक्य काढा. ते तुमचं अनुमान आहे, कागदावर तेही लिहिलेलं नाही. लांबी कुठे नोंदवली आहे? बाळ मध्ये आजारी होतं का? 9 महिन्यांचं वजन त्याच काट्यावर झालं की दुसऱ्या, आणि कपड्यांसकट की कपडे काढून? या वयात महिन्याला दोन-अडीचशे ग्रॅमच वाढ होते, तेवढा फरक कपडे आणि काटा मिळून सहज पडतो. त्याऐवजी कशावरून मत बदलेल ते लिहा: पुढची वजनं छापील रेघ ओलांडून खाली जात राहिली, किंवा दोन वजनांत काहीच वाढ झाली नाही, तर ती वेगळी गोष्ट.

उतारा७१२:
समांतरबद्दल मान्य. पण रात्री अकराला घाबरून मेसेज करणाऱ्या आईला ‘कागदावर लिहिलेलं नाही’ एवढंच पाठवलं तर ती अजून घाबरेल. थोडा धीर द्यायला काय हरकत आहे?

वॉर्ड_नंबर_सहा:
धीर द्या ना, पण फोनवर भाऊ म्हणून. लेखी मेसेज सासूबाईंकडे जाणार आहे, आणि ‘काळजीचं कारण नाही’ हे त्या घरात कुणाच्या बाजूने वापरलं जाईल ते तुम्हालाही ठाऊक नाही.

सातासमुद्रापार:
मेसेजमधला 15 चा आकडा गाळा. आमच्याकडे आजी त्याला परीक्षेतले मार्क समजल्या होत्या आणि आठवडाभर घरात सुतक होतं.

पाटीपेन्सिल:
आकडा ठेवतो, शंभर मुलींचं वाक्य त्याला लागूनच आहे. शेवटचं वाक्य काढलं, बहिणीला वेगळा फोन करेन. वजनं एकाच काट्यावर झाली का ते विचारलं: पहिली तीन दवाखान्यात आणि चौथं अंगणवाडीत झालंय. शेवटच्या ठिपक्याबद्दल त्यामुळे मेसेजमध्ये काय लिहावं ते अजून ठरत नाहीये. ठिपका गाळून बाकीचे तीन वाचू, की शंका लिहून ठेवू?

वॉर्ड_नंबर_सहा:
गाळू नका. शेजारी ‘दुसरा काटा’ एवढंच लिहा आणि तोच फोटो डॉक्टरांकडे न्यायला सांगा, पण शीर्षकासकट पूर्ण कागदाचा.