इंटर्नचे तुटक मेसेज आणि शनिवारचा अहवाल: अनुभव सांगा

टिळकवाडीची ताई
बेळगावात उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांत इंजिनिअरिंगची मुलं इंटर्नशिपला येतात आणि मेंटरला दिवसभर व्हॉट्सॲपवर एकेका ओळीचे मेसेज टाकत राहतात. शनिवारी त्यातूनच नीट साप्ताहिक अहवाल करायचा असतो. तो कसा करता, ते सांगा. एका मशीन शॉपमधल्या मुलाचे मेसेज नाव काढून देते. काम होतं बेअरिंग हाउसिंगचा 52 H7 बोअर मोजायचं, दिवसपाळीचे 100 आणि रात्रपाळीचे 100 नग, आणि दोन्ही पाळ्यांची तुलना.

सोम: सर गुड मॉर्निंग, आजपासून बोअर मोजायला लागलोय
मंगळ: सर तो मायक्रॉनचा गेज कुठाय? कोण देईनात
बुध: सर 80 मोजलो. 6 खराब निघाले
गुरु: कॉलेजला गेलतो सर, इंटर्नल होतं
शुक्र: सर रात्रपाळीची नोंद मिळेना, ऑपरेटर म्हणतोय साहेबांना विचार
शनि: रिपोर्ट जवळजवळ झालाय सर, बघून सांगा की

निपाणीचे अण्णा
सोपं आहे. वर ‘आदरणीय सर, सविनय नमस्कार’, प्रत्येक वाक्यात ‘कृपया’, ‘आपण’, शेवटी ‘आपला नम्र’. गेलतो, कुठाय, की हे सगळं काढा. मी आयुष्यभर कचेरीत पत्रं लिहिली, अर्धं काम मायन्यातच होतं.

उद्यमबागचा क्यूसीवाला
अण्णा, मायना हवाच, पण एकदाच. ‘कृपया आपण आम्हास कृपया गेज उपलब्ध करून द्यावा’ असं लिहिलं तरी मेंटरला कळत नाही की कुठला गेज, कधीपासून नाही आणि कोणाकडे मागितला. पाच मिनिटं फोन करून विचारावं लागतं. वाचणाऱ्याचा तो वेळ वाचवणं हासुद्धा मोठा मानच आहे.

या मेसेजांत खरी अडचण बुधवारच्या ‘6 खराब’मध्ये आहे. 52 H7 म्हणजे बोअर 52.000 ते 52.030 मिमी. खराब म्हणजे मोठा झाला की लहान राहिला? लहान राहिलेला नग पुन्हा बोअर करून वाचतो. मोठा झालेला बहुतेक वेळा भंगारातच जातो. मेंटर पहिला प्रश्न हाच विचारणार. म्हणून अहवाल लिहायच्या आधी मुलाला विचारा. स्वतःच्या मनाने भरू नका.

आणि मायक्रॉनचा गेज मिळाला नाही, तर 80 नग मोजले कशाने? 0.01 वाल्या बोअर गेजने मोजले असतील, तर पूर्ण मर्यादेत त्याची फक्त तीनच घरं येतात. 52.03 वाचलेला नग प्रत्यक्षात 52.026 असू शकतो आणि 52.034 सुद्धा. मग ‘6’ हा आकडाच कच्चा आहे, आणि तसं अहवालात लिहायला हवं.

चिकोडीचे पालक
आमच्या मुलाचंही असंच आहे. तो रोज डायरी लिहितो पण मेंटर सहीच करत नाहीत. सर्टिफिकेट अडकेल का?

खानापूरची प्रशिक्षणवाली
काका, रोजची डायरी कॉलेजसाठी असते आणि हा अहवाल कारखान्यातल्या मेंटरसाठी, दोन्ही वेगळं. तरी एक सांगते. सही मागताना ‘डायरी बघा सर’ म्हणण्याऐवजी ‘तारीख अमुक ते तमुकची सहा पानं सहीसाठी तुमच्या टेबलावर ठेवली आहेत, बुधवारी घ्यायला येतो’ असं लिहायला सांगा. सर्टिफिकेटचं मात्र कॉलेजच्या गाईडलाच विचारा.

टिळकवाडीची ताई
मुलाला विचारलं. गेज 0.01 चाच होता. सहांपैकी चार मोठे, दोन लहान. बरोब्बर 52.03 वाचलेले नऊ नग त्याने सहांत धरलेले नाहीत, बाजूला ट्रेमध्ये ठेवलेत. 0.001 वाला गेज कॅलिब्रेशनला गेलाय, असं टूल स्टोअरने मंगळवारी सांगितलं. परत कधी येणार, ते त्याने विचारलंच नाही. ‘जवळजवळ झालाय’ म्हणजे फक्त दिवसपाळीचा तक्ता भरलाय.

खानापूरची प्रशिक्षणवाली
मग मी असा लिहीन:

> विषय: साप्ताहिक प्रगती, आठवडा 3, बेअरिंग हाउसिंग 52 H7
>
> आदरणीय सर, नमस्कार.
> या आठवड्यात ठरलेल्या 200 पैकी 80 नग मोजले आहेत, सर्व दिवसपाळीचे. रात्रपाळीचे काम सुरू झालेले नाही. त्यासाठी आपली मदत हवी आहे.
>
> निष्कर्ष: 6 नग मर्यादेबाहेर आहेत, 4 मोठे आणि 2 लहान. मोजमाप 0.01 मिमीच्या गेजने झाले असल्याने हे आकडे तात्पुरते आहेत. 52.03 वाचलेले 9 नग ट्रेमध्ये वेगळे ठेवले आहेत. गुरुवारी कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेमुळे गैरहजर होतो.
>
> अडचण 1: 0.001 मिमीचा गेज कॅलिब्रेशनला गेल्याचे टूल स्टोअरने मंगळवारी सांगितले. परतीची तारीख सोमवारी विचारून कळवतो.
> अडचण 2: रात्रपाळीची नोंदवही पाहण्यासाठी परवानगी लागते, असे शुक्रवारी सांगण्यात आले.
>
> विनंती: नोंदवही पाहण्यासाठी आपण सोमवारी पाळीप्रमुखांना कळवू शकाल का? मंगळवारपर्यंत नोंद न मिळाल्यास दिवसपाळीचे उरलेले 20 नग आधी पूर्ण करतो.
>
> दिवसपाळीचा तक्ता सोबत जोडला आहे.

यात ‘जवळजवळ झालाय’ कुठेच नाही, बघा. त्याचं ‘80 टक्के काम झाले’ करण्याचा मोह होतो, पण 200 पैकी 80 म्हणजे 40 टक्के. मुलगा टक्केवारी बोलला नसेल, तर आपण घालायची नाही.

दुसरं म्हणजे ‘ऑपरेटर म्हणतोय साहेबांना विचार’. हे तसंच लिहिलं तर मेंटर ऑपरेटरला बोलावणार, आणि पुढच्या आठवड्यात तो ऑपरेटर मुलाला मशीनजवळही उभं करणार नाही. वाक्यातला माणूस काढला आणि अडलेली वस्तू ठेवली: नोंदवही, परवानगी, शुक्रवार. अर्थ तोच राहिला.

विनंती मात्र एकच ठेवली. गेजसाठी सरांना काही करायचं नाही, तारीख मुलानेच काढायची. दोन्ही अडचणींची विनंती केली असती, तर सरांनी दोन्ही ‘बघूया’ म्हणून सोडल्या असत्या.

मच्छेचा शिफ्ट इनचार्ज
चांगला आहे, पण मला एक खटकतंय. गेज नाही हे मंगळवारी कळलं आणि ते शनिवारच्या अहवालात येतंय. तोवर चार दिवस गेले. आमच्याकडे नियम आहे, अर्धा दिवस काम थांबलं की त्याच दिवशी एक ओळ पाठवायची: ‘सर, 0.001 गेज कॅलिब्रेशनला आहे, तोपर्यंत 0.01 ने मोजू की थांबू?’ मंगळवारी त्याने विचारलं खरं, पण ‘कुठाय’ एवढंच. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखं सरांकडे काही नव्हतं. ‘मोजू की थांबू’ला ते एका शब्दात उत्तर देऊ शकतात.

आणि नोंदवही कशाला हवी, ते अहवालात नाही. कारण लिहिल्याशिवाय मी तरी माझी नोंदवही देणार नाही. तुलना करायची तर बोअर कापणारा इन्सर्ट कधी बदलला, ऑफसेट किती दिला, हे त्यातच असतं. इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान होत जातो. नवा बसवून ऑफसेट चुकला की एकदम मोठा होतो. चार मोठे, दोन लहान हे मला तरी त्यातलंच वाटतं.

उद्यमबागचा क्यूसीवाला
कारण घालाच: ‘इन्सर्ट बदलाच्या वेळा पाहण्यासाठी’, एवढे शब्द पुरेत. पण चार मोठे, दोन लहानचं कारण मुलाने अहवालात निष्कर्ष म्हणून लिहू नये. ‘इन्सर्ट बदलाशी संबंध असण्याची शक्यता आहे, अजून तपासलेले नाही’ एवढंच. तेही त्याला स्वतःला सुचलं असेल तर. सुचलं नसेल आणि आपण लिहून दिलं, तर सोमवारी सर विचारतील आणि तो गप्प उभा राहील.

रोजच्या ओळीबद्दल मी इनचार्जच्या बाजूने आहे, पण तीच अडचण शनिवारीही पुन्हा यायला हवी. सरांनी मंगळवारचा मेसेज वाचून सोडलेला असू शकतो.

निपाणीचे अण्णा
नोंद घेतली. पण ‘करतो’ असं का लिहिलंय? वडीलधाऱ्याला आपलं ठरवून कळवायचं? ‘करू का’ लिहा.

खानापूरची प्रशिक्षणवाली
अण्णा, 20 नग आधीच ठरलेले आहेत, त्यासाठी परवानगी लागत नाही. ‘करू का’ लिहिलं तर उत्तर येईपर्यंत मुलगा बसून राहील. जिथे खर्च, मशीन किंवा दुसऱ्याचा वेळ लागतो, तिथे ‘करू का’.

शहापूरचा भाषावाला
‘80 मोजलो’ कडे कोणी पाहिलं नाही. आपल्या भागात ‘मी काम केलो’, ‘मी मोजलो’ असंच बोलतात. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, त्याचा तो वळसा आहे. लेखी अहवालात ‘80 नग मोजले’ हवं. ‘गेलतो’चं ‘गेलो होतो’ करतो, तसंच. शेवटची ‘की’ आपल्याकडे लाडिक आग्रह असतो, पण पुण्याकडून आलेल्या मेंटरला ती हट्टासारखी वाटू शकते.

मच्छेचा शिफ्ट इनचार्ज
माझे सर कन्नड बोलणारे आहेत, मराठी समजतात. त्यांना ‘80 मोजलो’ खटकणार नाही, ‘निष्कर्ष’ आणि ‘तात्पुरते’ मात्र अडेल. मी ‘रिझल्ट’ आणि ‘फायनल नाही’ लिहीन.

टिळकवाडीची ताई
या मुलाचे सर कन्नड बोलणारे आहेत, पण त्यांच्यावरचे मॅनेजर सांगलीकडचे, आणि अहवाल दोघांकडे जातो. कारण घालून, ‘निष्कर्ष’च्या जागी ‘रिझल्ट’ आणि ‘तात्पुरते’च्या जागी ‘फायनल नाहीत’ करून आज संध्याकाळी पाठवायला सांगते. ‘मोजले’ ठेवते. गेज परत कधी येणार ते सोमवारी इथेच लिहीन.

शहापूरचा भाषावाला
‘फायनल नाहीत’ मला पटत नाही, पण सर वाचणार असतील तर ठेवा.